ईपीएस वाढवणारे की घटवणारे? एका कंपनी-खरेदीचे प्रकरण

हे प्रकरण एका उत्पादक कंपनीने आपल्याच क्षेत्रातील दुसरी, आकाराने लहान कंपनी विकत घेतली त्याचे आहे. खरेदीदार कंपनीच्या वित्त विभागात या व्यवहाराचे हिशेब मांडण्याचे काम माझ्याकडे होते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि आकडे सोपे करून घेतले आहेत, मात्र त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण मूळ व्यवहारासारखेच ठेवले आहे. सर्व रकमा कोटींत आहेत. चलन कोणतेही धरले तरी गणित तेच राहते. खरेदीदार कंपनीला येथे ‘अ’ आणि विकत घेतलेल्या कंपनीला ‘ब’ म्हटले आहे.

पार्श्वभूमी

पुढील वर्षासाठी ‘अ’चा अपेक्षित निव्वळ नफा २४० कोटी होता आणि शेअरची संख्या २० कोटी. म्हणजे प्रति शेअर उत्पन्न, ज्याला आपण सर्रास ईपीएस म्हणतो, ते १२ होते. शेअरचा बाजारभाव १८० होता, म्हणून पी/ई, म्हणजे भाव ईपीएसच्या किती पट आहे ते गुणोत्तर, १५ येत होते. कंपनीवर आधीचे ६०० कोटींचे कर्ज होते आणि हाताशी ३०० कोटींची रोकड होती, जी ठेवींत ६ टक्क्यांनी गुंतवलेली होती. कराचा दर २५ टक्के.

‘ब’चा अपेक्षित निव्वळ नफा ६० कोटी होता आणि तिच्यावर कर्ज नव्हते. बाजारात तिचे एकूण मूल्य ८४० कोटी होते, म्हणजे पी/ई १४. वाटाघाटींअंती किंमत १,०८० कोटींवर ठरली. बाजारमूल्यापेक्षा २४० कोटी जास्त देऊन ही कंपनी घेतली जाणार होती आणि त्या किमतीला तिचे पी/ई १८ होत होते.

१४ आणि १८ या दोन आकड्यांतच पुढच्या बऱ्याचशा घोटाळ्याचे मूळ आहे. जास्त पी/ई असलेल्या कंपनीने कमी पी/ई असलेली कंपनी स्वतःचे शेअर देऊन घेतली की ईपीएस वाढते, हा नियम वित्तक्षेत्रात सर्वांना तोंडपाठ असतो. ‘अ’चे पी/ई १५ आणि ‘ब’चे १४, तेव्हा व्यवहार ईपीएस वाढवणारा ठरेल, असे संचालक मंडळातील दोन सदस्य पहिल्या बैठकीपासून गृहीत धरून होते. नियम खरा आहे, पण तो बाजारातल्या पी/ईला लागू होत नाही. प्रत्यक्ष मोजलेल्या किमतीच्या पी/ईला लागू होतो. ८४० कोटींना ‘ब’ मिळाली असती तर ४.६७ कोटी नवे शेअर काढावे लागले असते आणि ईपीएस १२.१६ झाले असते. १,०८० कोटींना ६ कोटी शेअर लागतात आणि ईपीएस ११.५४ वर उतरते. वाढीचे रूपांतर घटीत केले ते केवळ जास्त दिलेल्या २४० कोटींच्या प्रीमियमने.

प्रश्न

मंडळासमोर सल्लागारांचा पहिला तक्ता आला, त्यात पहिल्याच वर्षी ईपीएस १३.२० दाखवले होते, म्हणजे १० टक्के वाढ. त्यासाठी २४० कोटी रोकड, ४८० कोटी नवे कर्ज आणि ३६० कोटींचे नवे शेअर असे मिश्रण धरले होते. मंडळाने वित्त विभागाकडे दोन गोष्टी विचारल्या: हा आकडा कितपत भरवशाचा आहे, आणि पैसा उभारण्याचे हेच मिश्रण योग्य आहे का?

दुसऱ्या प्रश्नाला आधी हात घातला, कारण त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय पहिल्याचे मिळत नव्हते.

पैशाच्या तीन वाटा

ईपीएस वाढणार की घटणार, हे पाहण्याची सर्वांत सरळ रीत म्हणजे दोन टक्केवाऱ्यांची तुलना. एकीकडे विकत घेतलेल्या नफ्याचा मोजलेल्या किमतीवर पडणारा परतावा. ‘ब’च्या बाबतीत तो १,०८० वर ६०, म्हणजे ५.५६ टक्के. दुसरीकडे ज्या मार्गाने पैसा उभा केला त्याची करोत्तर किंमत. परतावा किमतीपेक्षा जास्त असेल तर ईपीएस वाढते, कमी असेल तर घटते.

रोकड वापरली तर ठेवींवरचे ६ टक्के व्याज बुडते. कर वजा जाता ही किंमत ४.५ टक्के. नवे कर्ज ८ टक्क्यांनी मिळत होते; व्याजावरची करसवलत धरून ६ टक्के. नव्या शेअरची किंमत, या हिशेबापुरती, पी/ईच्या उलट, म्हणजे १८० वर १२ किंवा ६.६७ टक्के. याचा अर्थ ५.५६ टक्के परतावा देणारी ही खरेदी फक्त रोकडीच्या मार्गाने ईपीएस वाढवत होती. कर्ज शेअरपेक्षा स्वस्त असले तरी या किमतीला तेही ईपीएस खालीच ओढत होते. कर्ज काढले की ईपीएस वाढतेच, असा समज बैठकीत बराच घट्ट होता. तो दूर करायला ६ आणि ५.५६ हे दोन आकडे एकाखाली एक लिहून दाखवणे पुरेसे ठरले.

संपूर्ण खरेदी रोकडीने करणे शक्यच नव्हते. खेळत्या भांडवलासाठी ६० कोटी राखून २४० कोटीच वापरता येत होते. उरलेल्या ८४० कोटींसाठी वाटा खुल्या होत्या. सिनर्जी, म्हणजे दोन कंपन्या एकत्र आल्याने होणारी बचत, आणि खरेदीमुळे येणारे हिशेबी खर्च बाजूला ठेवून केलेली तुलना अशी होती:

| मार्ग | एकत्रित नफा | शेअर (कोटी) | ईपीएस | बदल |
|---|---|---|---|---|
| सर्व शेअर | ३००.० | २६ | ११.५४ | −३.८% |
| २४० रोकड, ८४० कर्ज | २३८.८ | २० | ११.९४ | −०.५% |
| २४० रोकड, ४८० कर्ज, ३६० शेअर | २६०.४ | २२ | ११.८४ | −१.४% |

तिसरी ओळ कशी आली ते एकदा उलगडून पाहणे बरे. दोन्ही कंपन्यांचा नफा मिळून ३०० कोटी. त्यातून रोकडीवरचे बुडालेले करोत्तर व्याज १०.८ कोटी आणि नव्या कर्जाचे करोत्तर व्याज २८.८ कोटी वजा केले की २६०.४ उरतात. ३६० कोटींसाठी १८० भावाने २ कोटी शेअर काढावे लागतात, म्हणून भाजक २२ कोटी.

तक्त्यावरून दुसरा मार्ग उजवा दिसतो आणि वित्तप्रमुखांचा कल तिकडेच होता. पण शेअर आणि कर्ज यांतल्या निवडीने पडणारा फरक प्रति शेअर केवळ ०.१० होता, आणि त्या बदल्यात काय पत्करावे लागत होते ते तक्त्यात दिसतच नव्हते. दोन्ही कंपन्यांचा मिळून एबिटडा, म्हणजे व्याज, कर, घसारा आणि ॲमॉर्टायझेशन यांच्या आधीचा नफा, ५४० कोटी होता. जुन्या कर्जाच्या करारात एकूण कर्ज एबिटडाच्या अडीच पटीहून जास्त नसावे अशी अट होती. ८४० कोटींचे नवे कर्ज घेतले असते तर एकूण कर्ज १,४४० कोटी झाले असते, म्हणजे २.६७ पट, अट पहिल्याच दिवशी मोडली असती. ४८० कोटींत प्रमाण बरोबर २ पट राहत होते, आणि एबिटडा १० टक्क्यांनी घसरला तरी ते २.२२ च्या आतबाहेर राहिले असते.

आणखी एक मुद्दा मंडळापुढे मांडायला आम्हाला बराच वेळ लागला, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा होता. ४.५, ६ आणि ६.६७ या टक्केवाऱ्या त्या त्या पैशाची खरी किंमत नव्हेत. ठेवीतली रोकड स्वस्त दिसते कारण ती जोखमीविना पडून आहे. तीच रोकड एका कारखान्यात घातली की तिच्यावर कारखान्याची जोखीम येते. कर्ज वाढले की उरलेल्या भागधारकांची जोखीम वाढते आणि बाजार त्या शेअरला पूर्वीचे पी/ई देईलच असे नाही. ११.९४ ला १५ ऐवजी १४.५ पट भाव मिळाला तर शेअर १७३ वर जातो, आणि वाचवलेल्या दहा पैशांचा काही उपयोग राहत नाही. कंपनी घ्यावी की नाही हा प्रश्न ती विकत घेण्याच्या पैशाच्या वाटेवर अवलंबून ठेवता येत नाही. नाहीतर पुरेशी रोकड असलेल्या कंपनीला जवळजवळ कोणतीही खरेदी फायद्याची वाटू लागेल: ४.५ टक्क्यांची रोकड वापरणाऱ्याला २२ पी/ईची कंपनीसुद्धा ईपीएस वाढवणारीच दिसते.

१३.२० कुठून आले

आता पहिला प्रश्न. मिश्र मार्गाने ईपीएस ११.८४ येत असेल तर सल्लागारांचे १३.२० कसे? तक्ता उघडून पाहिला तेव्हा दोन गोष्टी सापडल्या.

पहिली गोष्ट सिनर्जीची होती. दोन्ही कंपन्यांची खरेदी आणि गोदामे एकत्र करून वर्षाला ४० कोटींची बचत होईल, असा अंदाज होता. कर वजा जाता ती ३० कोटी होते. तक्त्यात ही संपूर्ण बचत पहिल्याच वर्षात धरली होती, २६०.४ मध्ये ३० मिळवले की २९०.४, आणि २२ ने भागले की बरोबर १३.२०. प्रत्यक्षात पुरवठादारांचे करार संपायला वेळ लागतो, गोदाम बंद करायला आधी पैसे लागतात. कारखाना-प्रमुखांशी बसून आम्ही पहिल्या वर्षी १२ कोटी, दुसऱ्या वर्षी ३० आणि तिसऱ्या वर्षापासून ४० असा क्रम ठरवला, आणि पहिल्या वर्षी २० व दुसऱ्या वर्षी ५ कोटींचा एकत्रीकरणाचा खर्च धरला.

दुसरी गोष्ट तक्त्यात नव्हतीच, आणि ती शोधून काढणे जास्त अवघड होते. खरेदीनंतर दिलेली किंमत ‘ब’च्या मालमत्तांवर वाटून मांडावी लागते. ‘ब’च्या पुस्तकांतली निव्वळ मालमत्ता ३३० कोटी होती. मूल्यांकनात ग्राहक-संबंधांची अमूर्त मालमत्ता २४० कोटींची ठरली आणि तिच्यापोटी ६० कोटींचे स्थगित करदायित्व, म्हणजे पुढे येणाऱ्या कराचा बोजा, नोंदवावे लागले. म्हणजे ओळखता येणारी निव्वळ मालमत्ता ५१० कोटी आणि उरलेले ५७० कोटी गुडविल. आयएफआरएस ३ या आंतरराष्ट्रीय लेखामानकानुसार गुडविलचे ॲमॉर्टायझेशन होत नाही, म्हणजे ते दरवर्षी थोडेथोडे खर्चात टाकले जात नाही. त्याचे मूल्य घटले का याची दरवर्षी तपासणी होते. पण ग्राहक-संबंधांच्या मालमत्तेचे ॲमॉर्टायझेशन होतेच. ती आठ वर्षांत संपवायची होती, म्हणजे वर्षाला ३० कोटी आणि स्थगित कराचा परिणाम धरून २२.५ कोटी. याच मानकानुसार सल्लागार, वकील वगैरेंचे शुल्क खरेदीच्या किमतीत मिळवता येत नाही, ते त्याच काळात खर्च म्हणून दाखवावे लागते. ते १२ कोटी होते आणि त्यावर करसवलत मिळणार नव्हती. नवे शेअर काढण्याचा खर्च मात्र नफ्यातून न जाता थेट भागभांडवलातून वजा होतो, म्हणून तो येथे धरलेला नाही.

हे सर्व धरून पहिल्या वर्षाचा नफा २१९.९ कोटी आणि ईपीएस १०.०० आले. १० टक्के वाढीऐवजी जवळपास १७ टक्के घट.

ईपीएस १२ वर टिकवायला किती सिनर्जी लागेल, या प्रश्नाचे उत्तरही असेच बदलले. हिशेबी खर्च न धरता करपूर्व फक्त ४.८ कोटी पुरत होते. ॲमॉर्टायझेशन धरल्यावर ३४.८ कोटी लागत होते, म्हणजे अंदाजित ४० कोटींपैकी बहुतेक सर्व.

मंडळाने काय ठरवले

ॲमॉर्टायझेशनमुळे रोकड बाहेर जात नाही, म्हणून केवळ त्यासाठी व्यवहार सोडणे चुकीचे ठरले असते. त्यामुळे मंडळाने ईपीएस बाजूला ठेवून एक वेगळा हिशेब मागितला: ‘ब’च्या भागधारकांना २४० कोटी जास्त देऊन आपल्याला काय मिळते? १० टक्के भांडवली दराने ३० कोटींची कायमची करोत्तर बचत ३०० कोटींची होते. ती टप्प्याटप्प्याने येणार असल्याने २७५ च्या आसपास, आणि एकत्रीकरणाचा खर्च वजा जाता सुमारे २५८ कोटी. २४० च्या प्रीमियमवर १८ कोटी शिल्लक, तीही व्यवहाराचे १२ कोटी शुल्क देण्याआधीची. सिनर्जी पाऊणपटच मिळाली तर हाच आकडा १९० कोटींच्याही किंचित खाली जात होता, म्हणजे ५० कोटींचा तोटा.

या निष्कर्षावर किंमत कमी करून मागण्याचा प्रयत्न झाला. विक्रेत्यांनी नकार दिला. मंडळाने १,०८० कोटींनाच व्यवहार मंजूर केला, मिश्र मार्गाने. एका सदस्याने विरोधी मत नोंदवले. माझ्या दृष्टीने ही पहिली खरी निर्णयाची जागा होती: इतक्या पातळ फायद्यासाठी ‘ब’च्या सिनर्जीचा जवळजवळ सगळा लाभ तिच्या जुन्या भागधारकांना आगाऊ दिला गेला. किमतीचा काही भाग सिनर्जीशी किंवा नफ्याच्या उद्दिष्टाशी जोडून नंतर द्यायचा प्रस्ताव मांडायला हवा होता. तो मांडलाच गेला नाही.

दुसरी निर्णयाची जागा शेअरच्या भागाची होती. विक्रेत्यांना ३६० कोटी मूल्याचे शेअर हवे होते, ठरावीक संख्येचे नव्हेत. आम्ही ते मान्य केले आणि भावाला खालची मर्यादा घातली नाही. घोषणेनंतर ‘अ’चा शेअर १८० वरून १६० वर आला आणि २ कोटींऐवजी २.२५ कोटी शेअर द्यावे लागले. नफा तोच राहून भाजक २२.२५ कोटी झाला. ठरावीक संख्या मान्य झाली असती तर भावाची जोखीम विक्रेत्यांकडे गेली असती. निदान ठरावीक भावपट्ट्यापलीकडे शेअरची संख्या गोठवण्याची अट तरी घालता आली असती.

काय घडले

व्यवहार वर्षाच्या पहिल्या दिवशी पूर्ण झाला. हे सोयीचे होते, कारण आयएएस ३३ या लेखामानकाप्रमाणे असे शेअर संपादनाच्या तारखेपासूनच शेअरसंख्येच्या भारित सरासरीत येतात आणि ‘ब’चा नफाही त्याच तारखेपासून. वर्षाच्या मध्ये झालेल्या व्यवहारांचे पहिल्या वर्षाचे आकडे अर्धवट असतात आणि पुढच्या वर्षांशी त्यांची तुलना फसवी ठरते.

पहिल्या वर्षी ‘ब’चा एक मोठा ग्राहक गेला आणि तिचा नफा ६० ऐवजी ५६ कोटी झाला. सिनर्जी १० कोटींची मिळाली, एकत्रीकरणावर २४ कोटी लागले. एकूण नफा २११.४ कोटी आणि ईपीएस ९.५०. कंपनीने याच्या जोडीने ‘समायोजित’ ईपीएस ११.८६ जाहीर केले. त्यात ॲमॉर्टायझेशन, एकत्रीकरणाचा खर्च आणि व्यवहाराचे शुल्क वगळले होते. वगळलेल्या गोष्टी उघड सांगितल्या होत्या, म्हणून त्यात गैर काही नव्हते. पण एकत्रीकरणाच्या खर्चाने कंपनीच्या तिजोरीतून खरोखरचे पैसे गेले होते आणि ते ॲमॉर्टायझेशनच्या पंक्तीला बसवणे मला पटले नाही.

दुसऱ्या वर्षी ‘अ’च्या मूळ व्यवसायाचा नफा ५ टक्क्यांनी वाढून २५२ कोटी झाला, ‘ब’चा ६२ कोटी. करपूर्व सिनर्जी २६ कोटींची, एकत्रीकरणाचा खर्च ६ कोटींचा. ईपीएस १२.०० आले. व्यवहाराआधीची पातळी दोन वर्षांत परत गाठली, असे वार्षिक अहवालात लिहिले गेले आणि वाक्य म्हणून ते खरे होते. पण योग्य तुलना व्यवहाराआधीच्या १२ शी नाही. व्यवहार झालाच नसता तर त्या वर्षी जे ईपीएस असते त्याच्याशी आहे. २५२ कोटींना २० कोटी शेअरनी भागले की ते १२.६० येते. म्हणजे दुसऱ्या वर्षीही व्यवहाराने ईपीएस ४.८ टक्क्यांनी घटवलेले होते. पहिल्याच मंजुरीच्या वेळी ‘अ’च्या एकट्या वाटचालीचा अंदाज कागदावर नोंदवून ठेवला असता तर हा घोळ झाला नसता; नंतर असा आधार ठरवायला बसले की प्रत्येक जण आपल्या सोयीचा आकडा घेऊन येतो.

तिसऱ्या वर्षाचा अंदाज आम्ही याच पद्धतीने मांडला आहे. ‘अ’ एकटी राहिली असती तर ईपीएस १३.२३ असते. ‘ब’चा नफा ६५ कोटी झाला आणि ४० कोटींची सिनर्जी पूर्ण मिळाली, तर एकत्रित ईपीएस १३.३७ होते, म्हणजे एक टक्का वाढ. १३.२३ शी नुसती बरोबरी साधायलाही सुमारे ३६ कोटींची सिनर्जी लागते. गेल्या वर्षी ती २६ होती. उरलेले १० कोटी ज्या दुसऱ्या गोदामाच्या बंद होण्यावर अवलंबून आहेत, त्याचा भाडेकरार वर्षाच्या मध्यावर संपतो.